कंबर 32, मांड्या बेवारस

परवा पुन्हा ट्रायल रूममध्ये एका पायावर उड्या मारत होतो. कंबर 32, माप अगदी बरोबर. पण पॅन्ट कंबरेपर्यंत पोचली तर पाहिजे ना! मांडीपाशी अडकली, आणि काढायला गेलो तर पोटरीत रुतून बसली. बाहेरून सेल्समन विचारतोय, "सर, झालं का?" अरे बाबा, काय होणार? अडकलोय मी इथे.

माझा गुन्हा एवढाच की कॉलेजपासून रोज बैठका मारल्या आणि पोट सुटू दिलं नाही. मांडीचा घेर 25 इंच, पोटरी साडेसोळा. या वेळी चिडून खिशात टेपच घेऊन गेलो होतो. दुकानातल्या 32 च्या स्लिम फिटची मांडी मोजली, साडेतेवीस भरली. कापड न ताणणारं असेल तर बसता-उठता यायला मांडीच्या घेराहून निदान दीड-दोन इंच जास्त लागतं. इथे दीड इंच कमी! आणि सेल्समन म्हणतो, "दोनदा घातली की सैल होते." कापड आहे की चपातीची कणीक?

हे असं का होतं तेही ऐका. एका ठरावीक बांध्यावर पॅटर्न काढतात आणि बाकीचे साइज त्यावरून फुगवत नेतात. कंबर दोन इंच वाढली की मांडी इंच-सव्वा इंच. म्हणजे मांडीला जागा हवी असेल तर आधी ढेरी वाढवून या!

"मग 36 घ्या आणि कंबर आवळून घ्या" असा सल्ला देणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. केलंय ते. कंबर मागच्या शिवणीतून आवळतात. इंच-दोन इंचापर्यंत ठीक, पण चार इंच काढले तेव्हा मागचे दोन्ही खिसे एकमेकांच्या गळ्यात पडले आणि आसन खाली लोंबायला लागलं. पुढून पाहिलं तर मागून कुणीतरी धरून ओढतंय असं वाटायचं. उलट, 32 ची मांडी उसवून सैल करावी तर रेडीमेडमध्ये शिवणीच्या आत जेमतेम सेंटिमीटरभर कापड असतं, त्यावरही ओव्हरलॉक मारलेलं. सोडायला आत काही नसतंच.

स्ट्रेच घेतली. चढली खरी, पण बाजूचे खिसे कानासारखे उघडे पडले, जांघेतून आडव्या सुरकुत्या फुटल्या. वर मांड्या एकमेकींवर घासून घासून सहा महिन्यांत आतून जाळी झाली. ऑफिसात खाली पडलेलं पेन उचलायला वाकलो आणि टर्रकन आवाज आला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लॅपटॉपची बॅग मागे धरून फिरलोय.

पोटरीचं दुःख तर कुणाला कळतच नाही. बसलो की पॅन्ट वर सरकते आणि उठलो तरी पोटरीवरच अडकून राहते. मग चारचौघांत वाकून दोन्ही पाय खाली ओढायचे. गणित साधं आहे. गुडघा 17, बॉटम 13. पोटरीचा फुगवटा या दोन्हींच्या मध्ये, जरा वरच्या बाजूला. म्हणजे तिथे पॅन्टचा घेर पावणेसोळाच्या आसपास आणि पाय साडेसोळा. पण "निमुळती छान दिसते सर." छान दिसते, पाय बाहेर ठेवला तर!

शेवटी टेलरकडे गेलो. त्याने कंबर, सीट, लांबी आणि बॉटम घेतलं आणि टेप गळ्यात टाकली. "मांडी?" विचारलं तर म्हणे, "सीटवरून काढतो आम्ही." म्हणजे इथेही तेच, फक्त शिलाई वेगळी! हट्टाने मांडी मोजायला लावली, उभ्याने आणि बसून. बसल्यावर इंचभर वाढली तेव्हा त्याने चष्मा पुसला. मग पोटरी मोजली, गुडघा 19 आणि बॉटम साडेपंधरा ठरवलं, पुढे एकेक प्लेट टाकायला सांगितली आणि आतल्या शिवणीत इंचभर कापड सोडायला लावलं. "प्लेट आता कोण घालतं?" म्हणून नाक मुरडलंच त्याने. अरे, मी घालतो! बसलो की ती प्लेट उघडते आणि मांडीला जागा मिळते, त्यासाठीच असते ती.

ती पॅन्ट मिळायला तीन आठवडे आहेत. तोवर बाबांची जुनी दोन प्लेटांची पॅन्ट कपाटातून काढली, कंबर फक्त दोन इंच आवळली. मांडीला ऐसपैस, पोटरीला वारा लागतोय. आता बाबा म्हणतात, ती मला परत हवी.