पीएच ७ म्हणजे इक्विव्हॅलन्स पॉइंट नव्हे

“न्यूट्रलायझेशन पूर्ण झालं की पीएच ७ होतो. म्हणून ग्राफवर ७ जिथे येतो तोच इक्विव्हॅलन्स पॉइंट. आणि इंडिकेटर कुठलाही चालतो, मिथिल ऑरेंज घाला.” – बारावीच्या प्रॅक्टिकलआधी मुलांमध्ये फिरणारी टीप

७ चा नियम स्ट्राँग ॲसिड आणि स्ट्राँग बेस या जोडीपुरता खरा आहे. ॲसिटिक ॲसिड वीक आहे. ०.१ मोलर ॲसिटिक ॲसिड २५ मिली घ्या आणि ब्युरेटमधून ०.१ मोलर कॉस्टिक सोडा सोडा. २५ मिलीला सगळं ॲसिड संपतं, हाच इक्विव्हॅलन्स पॉइंट, पण फ्लास्कमध्ये सोडियम ॲसिटेट उरतं. त्यातला ॲसिटेट आयन पाण्याकडून प्रोटॉन घेतो, थोडा हायड्रॉक्साइड सुटतो आणि पीएच ८.७ च्या आसपास जातो. ७ मात्र २४.८६ मिलीलाच येऊन गेलेला असतो, म्हणजे तीनेक थेंब आधी. इथे चूक लहान दिसते, पण पीकेए ७ असलेल्या ॲसिडला पीएच ७ अर्ध्या वाटेवरच येईल.

मग मिलीविरुद्ध पीएचच्या ग्राफवर काय बघायचं? चढ. २४ मिलीला पीएच ६.१, २४.९ ला ७.२ आणि २५.१ ला थेट १०.३. शेवटच्या ०.२ मिलीत तीन अंकांची उडी आहे. दर दोन रीडिंगमधल्या पीएचच्या फरकाला मिलीच्या फरकाने भागा. भागाकार सर्वांत मोठा येतो तिथे पॉइंट. म्हणून २४ मिलीनंतर थेंबाथेंबाने रीडिंग घ्यायला हवं. एकेक मिलीने गेलात तर उडी हातातून निसटते. मधला सपाट भाग मुलं हमखास पॉइंट समजतात, पण तो बफरचा. १२.५ मिलीला तिथला पीएच म्हणजे पीकेए, ४.७६.

आता मिथिल ऑरेंज. त्याचा रंग ३.१ ते ४.४ मध्ये बदलतो. आपल्या ग्राफवर हे पहिल्या मिलीतच सुरू होतं आणि ७.६ मिलीला संपतं. आमच्या मालवणकडच्या लॅबमध्ये एका मुलाने घरचा माडीचा व्हिनेगर दहापट पातळ करून आणला होता. मिथिल ऑरेंज हळूहळू पिवळा झाला, आठ मिलीच्या आत, आणि तो म्हणाला, “सर, आजीने पाणी घातलंय.” तोच नमुना फिनॉल्फथॅलिनने केला, तेव्हा गुलाबी रंग पंचविशीजवळ आला. फिनॉल्फथॅलिनचा पट्टा ८.२ ते १० आहे, तो अख्खा त्या उडीत बसतो, म्हणून एका थेंबात रंग पालटतो. रंग रेंगाळत बदलत असेल, तर इंडिकेटर चुकलाय असं समजा.

आपल्या किनाऱ्यावर एक वेगळी काळजीही घ्यावी लागते. पावसाळ्यात कॉस्टिकच्या गोळ्या वॉच ग्लासवर वजन करेपर्यंत ओलसर होतात, त्यामुळे वजनावरून काढलेली मोलॅरिटी भरवशाची नसते. त्याच दिवशी ऑक्झॅलिक ॲसिडने ती पडताळा, आणि तेही फिनॉल्फथॅलिननेच. फिकट गुलाबी अर्धा मिनिट टिकला की रीडिंग घ्या. नंतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो उडाला तरी पुन्हा थेंब घालू नका.