‘जेवलास का?’ला माझा विरोध नाही, पण...

“ताई, सारखे मेसेज करून माणसाला चिकटू नये, मोजकेच करावेत, हा तुमचा लेख वाचला, पटला नाही. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, मी दुपारी ‘जेवलास का?’ विचारते, आता तो पण चिकटपणा का? नवऱ्याला पण मोजूनमापून मेसेज करायचे तर ते नाटकच झालं.”

अहो, रोज एकदा जेवणाचं विचारलंत म्हणून कोणी चिकट होत नाही, खुशाल विचारा. गडबड होते ती पुढच्या मेसेजांनी. समजा शॉपफ्लोअरवर फोन चालत नाही, त्यांचा फोन लॉकरमध्ये आहे. इकडे तुम्ही एक वाजता विचारलंत, दीडला ‘बिझी?’, दोनला नुसतीच दोन प्रश्नचिन्हं, मग ‘असू दे’. चहाच्या सुट्टीत त्यांनी फोन उघडला की त्या दहा मिनिटांत चहा प्यायचा की ‘असू दे’चा अर्थ लावत बसायचं? तुम्ही काळजीनेच केलं असणार, पण तिकडे ते हजेरी घेतल्यासारखं पोचतं. आणि मेसेज डिलीट करून तर अजूनच घोळ, कारण डिलीट केल्याची खूण तिथे राहतेच आणि माणूस संध्याकाळपर्यंत विचार करत बसतो की काय लिहिलं होतं बाई हिने.

आता त्याच दुपारी हा मेसेज बघा: ‘तुझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी उरली होती ती आत्ता मी संपवली, संध्याकाळी भांडू नकोस. कामात असशील, उत्तर नको.’ यात आठवण आहे, ती फक्त त्यांनाच कळेल अशी आहे, आणि त्यांना काही करायला लावत नाही. चारला वाचला तरी शिळा होत नाही. याला मोजमाप म्हणा हवं तर, मी तरी समोरच्याचा दिवस कसा जातो ते लक्षात ठेवणं म्हणेन. (व्हॉइस नोट मात्र शिफ्टमध्ये नकोच, चार लोकांत कानाला लावून कोण ऐकणार.)

जास्त होतंय हे ओळखायचं कसं, तर त्यांची उत्तरं बघा. ‘सॉरी, आत्ता बघितलं’ अशी सुरुवात रोजच व्हायला लागली तर ते मेसेज त्यांना कर्जासारखे वाटतायत असं समजा. नुसता अंगठा आला तर लगेच मनाला लावून घेऊ नका, काही माणसं टाइप करायलाच आळशी असतात, ती घरी आल्यावर त्या चटणीचा विषय स्वतःहून काढतात की नाही ते बघा. काढत असतील तर पोचलं.

बाकी बरं नसेल, घरी कोणी आजारी असेल, रात्रपाळी करून गाडी चालवत येणार असतील, तर सरळ विचारा, ‘पोचल्यावर कळव’ म्हणा, तिथे उत्तर हवंच असतं. मग ‘कामात असशील, उत्तर नको’ असं लिहून आत वाट बघत बसायचं ते मात्र नको, कारण रात्री तेच ‘तू उत्तर पण दिलं नाहीस’ म्हणून बाहेर येतं. उत्तर हवं असेल त्या दिवशी लिहायचं ना, ‘सुट्टी झाली की दोन मिनिटं फोन कर, बोलावंसं वाटतंय.’