मालक, तोटा कशाला दाखवता?

वाळूजला तुमचं शेड आहे, सोयाबीन पेरायचं रुंद सरी-वरंब्याचं यंत्र तुम्ही काढताय, वर्षभरात त्यावर ५० लाख गेलेत आणि मार्च तोंडावर आलाय. बाकी धंद्यात ३२ लाख सुटलेत. आता हे ५० लाख खर्चात टाकले तर ताळेबंदाला तोंड दाखवायची सोय राहत नाही. मग टाकायचेच कशाला? सगळेच्या सगळे ‘अमूर्त मालमत्ता’ म्हणून लिहा. नावातच अमूर्त आहे, कोण हात लावून बघणार आहे?

एक अडचण येईल. तुमचा सीए. पैसा किती गेला हे न विचारता हा माणूस कधी गेला ते विचारतो.

एप्रिल ते सप्टेंबर तुमची माणसं गावोगाव फिरली, माती बघितली, बियाणं सोडणाऱ्या चकत्यांचे पाच-सहा प्रकार तपासले. यात २४ लाख गेले. सीए म्हणेल, हे संशोधन. लेखा मानक २६ प्रमाणे संशोधनाचा रुपया मालमत्ता होत नाही, त्याच वर्षी नफा-तोट्याला जातो. तेव्हा तुम्ही सरळ ‘संशोधन’ हा शब्दच खोडून ‘विकास’ लिहा. हिशेब नीट वेगळा ठेवू नका म्हणजे त्याला कळणार नाही कुठलं काय, असंही कुणी सुचवेल. पण तो मार्ग टाळा. दोन्ही टप्पे वेगळे करता आले नाहीत तर सगळंच संशोधन धरायचं, असं त्या मानकात आधीच लिहून ठेवलंय. लिहिणाऱ्याला तुमच्यासारखे मालक भेटले असणार.

बरं, ऑक्टोबरपासून तर यंत्र बनायला लागलं होतं ना? दोन नमुने झाले, १४ लाख लागले. हा तरी विकासच! आहेच. पण नोव्हेंबरात पैठणकडच्या रानात हरभरा पेरून बघितला तेव्हा ओल्या काळ्या मातीनं बियाण्याची नळी बुजली आणि अर्धा तास ओळी निव्वळ रिकाम्या गेल्या. तुमच्याच फोरमननं तसं वहीत लिहिलंय. (ती वही कशी हरवायची, हा वेगळा लेख होईल.) विकास चालू असणं पुरत नाही. यंत्र तांत्रिकदृष्ट्या पुरं होऊ शकतं, ते पुरं करून विकायचा इरादा आणि ताकद आहे, गिऱ्हाईक आहे, पैसा आणि माणसं हाताशी आहेत, खर्च नीट मोजता येतो, हे सगळं दाखवता आलं पाहिजे. नळी बुजत असताना पहिल्याच अटीवर गाडी अडते.

तुमची गाडी सुटली १२ जानेवारीला. तिसऱ्या नमुन्यानं उन्हाळी सोयाबीन भिजल्या रानात न अडकता पेरलं. त्याच आठवड्यात बोर्डाचा ठराव झाला, डीलरनी मागणी लेखी दिली, पैशाची तजवीज आधीच होती. मोजणी त्या दिवसापासून पुढे. मागचे ३८ लाख मागे वळत नाहीत, यंत्र पुढे कितीही खपलं तरी.

इथं हुशार माणूस ठराव एप्रिलच्या तारखेचा करतो. तुम्हीही करा. फक्त संगणकातली फाइल कधी तयार झाली हे तिच्या माहितीत दिसतं, आणि एप्रिलच्या ठरावात जानेवारीच्या पेरणीचं कौतुक लिहू नका. लोक लिहितात.

१२ जानेवारीनंतरचे १२ लाख तरी पक्के? त्यातले ३ लाख कृषी प्रदर्शनातल्या मांडवाचे आणि जाहिरातीचे, १ लाख ट्रॅक्टरवाल्यांना यंत्र शिकवण्याचे, १ लाख ऑफिसच्या वरकड खर्चाचे. असले खर्च मालमत्तेत धरत नाहीत, म्हणून हे पाच वजा. उरले ७. सुट्या भागांचे आणि नमुन्यावर खपलेल्या माणसांच्या पगाराचे.

म्हणजे ३२ लाखांच्या नफ्यातून ४३ गेले, ११ लाख तोटा. असला ताळेबंद बँकेत न्यायचा? छे. सीए बदला आणि ५० लाख ‘विकासाधीन अमूर्त मालमत्ता’ या ओळीत घाला. ही ओळ किती वर्षांपासून पडून आहे याचा तक्ता ताळेबंदासोबतच द्यावा लागतो, पण ते पुढच्या वर्षीचं दुखणं. देणी वजा जाता उरणारी निव्वळ मत्ता आता ९० लाख दिसते. खऱ्या हिशेबानं ४७ आली असती.

मग फाइल घेऊन सीसी लिमिट वाढवायला जा. बँकेचा अधिकारी चहा मागवेल, ९० लाखांखाली पेन्सिलनं रेघ मारेल आणि अमूर्त मालमत्ता वजा करेल. त्यांच्याकडे मूर्त निव्वळ मत्ताच बघतात. ९० वजा ५०, चाळीस. खरा ताळेबंद नेला असता तर त्यानं ४७ मधून ७ वजा केले असते.