कोसलर वाचा, मग गिंगरिच

"निवृत्तीनंतर वेळच वेळ आहे. विज्ञानाच्या इतिहासावर सावकाश वाचण्याजोगं एखादं पुस्तक सुचवा."

एक नाही, जोडी सुचवतो. आधी आर्थर कोसलरचं 'द स्लीपवॉकर्स' (१९५९). त्यातला केप्लरचा भाग अजिबात घाईने वाचू नका. खगोल-निरीक्षक टायको ब्राहेच्या आकाश-नोंदी हाताशी घेऊन केप्लर मंगळाची वर्तुळाकार कक्षा बसवतो. ती बऱ्याच ठिकाणी छान जुळते, पण पुढच्या पडताळणीत कोनाच्या ८ कलांचा फरक निघतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या साधारण पाव भागाएवढा. दुसऱ्या कुणी तो निरीक्षणातला दोष म्हणून सोडून दिला असता. केप्लरचा टायकोवर भरवसा होता, त्यामुळे त्याने वर्षांची मेहनत मोडीत काढली आणि अंड्याच्या आकारापर्यंत भटकून अखेर लंबवर्तुळ गाठलं.

मात्र कोसलर एकतर्फी लिहितो. गॅलिलिओवर त्याचा उगाच राग आहे, आणि कोपर्निकसचा सूर्यकेंद्री मांडणीचा १५४३चा ग्रंथ कुणी वाचलाच नाही, असं तो ठोकून देतो.

त्याला उत्तर म्हणजे खगोलशास्त्राचे इतिहासकार ओवेन गिंगरिच यांचं 'द बुक नोबडी रेड' (२००४). १९७०मध्ये एडिंबरोच्या वेधशाळेत त्यांना त्या ग्रंथाची एक प्रत दिसली. समासात शेवटपर्यंत बारीक टिपणं, आणि ती लिहिणारा सोळाव्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ एरास्मुस राइनहोल्ड. मग तीसेक वर्षं देशोदेशी फिरून त्यांनी पहिल्या दोन आवृत्त्यांच्या सुमारे ६०० प्रती तपासल्या. गंमत म्हणजे राइनहोल्डची टिपणं सूर्यकेंद्री मांडणीच्या पानांवर तुरळक आहेत आणि पुढच्या गणितावर दाट!

गणिताची धास्ती नको, पण केप्लर वाचताना कागद-पेन्सिल जवळ असू द्या.