परक्याच्या थ्रीबीचं पालकत्व

तुम्ही बिल घेतलं, माल उतरवून घेतला, पैसे आरटीजीएसनं दिले, कर पुरवठादाराच्या हातात ठेवला आणि आता निवांत झोपता? मग तुम्हाला धंदा कळलेला नाही. माझं ऐका. आजपासून माल घेण्याआधी दर विचारायचा नाही. पहिला प्रश्न एकच, ‘शेठ, गेल्या महिन्याचं थ्रीबी कितव्या तारखेला भरलंत?’ थ्रीबी म्हणजे जीएसटीचे पैसे सरकारात भरायचं रिटर्न, जीएसटीआर-३बी. मुलीला स्थळ बघताना जेवढी चौकशी करतो त्याच्या दुप्पट करा. तिथं फार तर संसार मोडतो. इथं सव्याज वसुली येते.

हे शहाणपण मला एका नोटिशीनं शिकवलं. माझं कुपवाडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. १८ मे २०२२ ला एका व्यापाऱ्याकडून सहा टन अँगल घेतले. माल ४ लाखांचा, वर १८ टक्के म्हणजे ७२ हजार जीएसटी, एकूण ४ लाख ७२ हजार. ई-वे बिल होतं, वजनकाट्याची पावती होती, पैसे आठवड्यात दिले. त्यानं आपलं जीएसटीआर-१ वेळेवर भरलं, त्यामुळे १४ जूनला माझ्या टू-बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या माझ्या खरेदीच्या यादीत, ते बिल नीट दिसलं. मी २० जूनला माझ्या थ्रीबीत ७२ हजारांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेऊन त्या महिन्याचा कर भागवला. त्या रात्री मी अगदी शांत झोपलो होतो. हीच माझी पहिली चूक.

कारण जीएसटीआर-१ म्हणजे नुसतं ‘मी अमक्याला माल विकला’ असं सांगणं. पैसे सरकारात जातात ते थ्रीबी भरताना. आमच्या शेठनं सांगायचं काम केलं, भरायचं काम ठेवून दिलं. टू-बी बनतं ते त्याच्या सांगण्यावरून, भरण्यावरून नाही. म्हणजे तुमच्या पडद्यावर ७२ हजार हिरवेगार दिसतात आणि तिजोरीत एक रुपया नसतो. टू-बीवर विश्वास ठेवणारा माणूस लग्नपत्रिका बघून अहेर मोजणारा.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, आणि ऐकताना हसू नका, नोटिशीच्या उत्तरात ते बरं दिसत नाही. केंद्रीय कायद्याच्या कलम १६(२)(सी) प्रमाणे तुम्हाला क्रेडिट तेव्हाच, जेव्हा त्या बिलावरचा कर विकणाऱ्यानं प्रत्यक्ष सरकारला भरलेला असेल. तुम्ही त्याला दिला होता की नाही हा प्रश्नच नाही. त्याच कलमात खाली एक परंतुक आहे. त्यात बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत तुम्ही पुरवठादाराचे पैसे चुकवले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करा असं लिहिलंय. म्हणजे पैसे दिले नाहीत तर क्रेडिट गेलं, आणि दिले पण त्यानं भरले नाहीत तरी गेलं. मधल्या बोळात तुम्ही उभे. बोळाच्या दोन्ही टोकांना पावती फाडायला माणूस.

४ मे २०१८ ला जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर सरकारनं निवेदन काढलं होतं. विक्रेत्यानं कर भरला नाही म्हणून खरेदीदाराचं क्रेडिट आपोआप उलटवलं जाणार नाही, वसुली विक्रेत्याकडूनच होईल. मी हे वाक्य चौकटीत लावायला निघालो होतो. पण पुढचं वाक्य आमच्या सीएनं वाचून दाखवलं: विक्रेता गायब असेल, धंदा बंद केला असेल किंवा त्याच्याकडे वसुलीजोगं काही नसेल, अशा अपवादाच्या वेळी मात्र खरेदीदाराकडे यावं लागेल. आता मला सांगा, जो पत्त्यावर आहे, ज्याचं दुकान उघडं आहे आणि बँकेत पैसे आहेत, तो थ्रीबी बुडवेल कशाला? अपवाद म्हणता म्हणता अख्खी वरात त्यातच बसली.

डिसेंबर २०२२ मध्ये या सगळ्याला नियम ३७ए ची झालर लागली. पुरवठादारानं जीएसटीआर-१ भरलं पण थ्रीबी मात्र आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंतही भरलं नाही, तर तुम्ही ३० नोव्हेंबरपर्यंत ते क्रेडिट स्वतःहून परत करायचं. नाही केलं तर व्याज. माझ्या मे २०२२ च्या बिलाला ही तारीख आली ३० नोव्हेंबर २०२३. त्या महिन्यात पोर्टलनं ईमेलही पाठवला होता, हे मला जून २०२५ मध्ये कळलं. कारण नोंदणीला दिलेला ईमेल आमच्या जुन्या अकाउंटंटचा, आणि तो २०२१ मध्येच पुण्याला गेला. म्हणून माझा फुकटचा सल्ला: नोंदणीतला ईमेल आणि मोबाईल आज बघा. त्यावर कोणाची लग्नं झाली असतील, कोणाची नोकरी सुटली असेल, पण तुमच्या नोटिसा तिथेच जात असतील.

जूनमध्ये एएसएमटी-१० आली. म्हणजे ‘तुमच्या रिटर्नमध्ये तफावत दिसते, खुलासा करा’ असं सभ्य पत्र. उत्तर तीस दिवसांत एएसएमटी-११ मध्ये द्यायचं. मी बिल, ई-वे बिल, काटापावती, बँकेचा उतारा, सगळं जोडून छातीठोक उत्तर दिलं. साहेबांना भेटायलाही गेलो. त्यांनी फाईल नीट चाळली, माणूस चांगला होता.

‘माल आलाय हे मान्य आहे,’ ते म्हणाले. ‘पैसेही दिलेत. पण त्यानं भरले नाहीत ना.’

‘साहेब, त्याला विचारा की.’

‘त्याची नोंदणी रद्द झालीय. पत्त्यावर आता बेकरी आहे. तुम्हाला तो कुठं असतो माहीत आहे का?’

राज्याचा सगळा संगणक, फिरती पथकं, बँक खातं गोठवायचे अधिकार असलेला विभाग एका ग्रिलवाल्याला विचारत होता की तो माणूस कुठं असतो. मला क्षणभर अभिमान वाटला. पगार मात्र कोणी काढला नाही.

खरं तर हा माणूस ओळखता आला असता. सध्याच्या नियमात मागच्या महिन्याचं थ्रीबी भरलं नसेल, तर पुढचं जीएसटीआर-१ भरायलाच पोर्टल अडवतं. म्हणून बुडवणाऱ्याचं साधारण एकाच महिन्याचं बिल तुमच्या टू-बीत येतं, पुढचं येतच नाही. एखाद्या नियमित पुरवठादाराचं बिल एकदम दिसेनासं झालं, तर ‘विसरला असेल’ म्हणू नका. मागच्या महिन्याचं खातं उघडून बघा. टू-ए नावाच्या खरेदीच्या दुसऱ्या यादीत त्याच्या थ्रीबीपुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिलेलं असतं. ते टू-बीत शोधत बसू नका. शिवाय जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता कोणाचाही जीएसटीआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, टाकून त्यानं कोणतं रिटर्न कधी भरलं याचा तक्ता बघता येतो. आमच्या शेठचा तक्ता मी पाहिला तेव्हा त्यात २० तारखेची २८ झाली होती, २८ ची पुढच्या महिन्याची १२, आणि मग पुढे कोरं. दारू पिणाऱ्याचं अक्षर हळूहळू वाकडं होत जावं तसं. पाच मिनिटांचं काम होतं, मी केलं तीन वर्षांनी.

कोर्टात जायची हौस असेल तर तीही भागवा. मद्रास उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये आणि कलकत्ता उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये आधी विक्रेत्याला गाठा असं विभागाला सुनावलं. पाटण्याला २०२३ मध्ये खरेदीदार हरला आणि केरळमध्ये २०२४ साली १६(२)(सी) हे कलम वैध ठरलं. म्हणजे निकाल हवा तसा मिळतो, फक्त राज्य निवडून जन्माला यावं लागतं. आपण महाराष्ट्रातले, आपल्याला व्हॅटच्या काळापासूनची सवय. व्हॅट कायद्याच्या कलम ४८(५) प्रमाणे विक्रेत्यानं तिजोरीत कर भरला तरच सेट-ऑफ, म्हणजे तेव्हाचं क्रेडिट, हे मुंबई उच्च न्यायालयानं २०१२ मध्येच उचलून धरलं होतं. तेव्हा खोटी बिलं विकणाऱ्या हवाला डीलरांच्या याद्या वाचत मोठे झालेले आमचे सीए मला म्हणाले, ‘काका, ७२ हजारांसाठी वकील किती घेईल सांगू?’ त्यांनी सांगितलं. मी पाणी मागितलं.

मग हिशोब मांडला. मूळ कर ७२ हजार. क्रेडिट मी जून २०२२ मध्ये वापरून टाकलं होतं, तेव्हापासून तीन वर्षं १८ टक्क्यांनी व्याज ३८,८८०. (क्रेडिट नुसतं खात्यात पडून राहिलं असतं, वापरलंच नसतं, तर व्याज लागलं नसतं. पण पडून राहायला ते आमच्याकडे थांबतं कुठं?) एकूण १,१०,८८०. कारणे दाखवा नोटीस निघायच्या आत भरलं तर कलम ७३ खाली दंड नाही, निघाल्यावर तीस दिवसांत भरलं तरी नाही. पण आदेशापर्यंत ताणलं तर कराच्या १० टक्के किंवा १० हजार, जे जास्त असेल ते. मी डीआरसी-०३, म्हणजे स्वतःहून कर भरायचा फॉर्म, भरलं, वर ‘आक्षेप राखून’ असं लिहिलं. ते वाचून कोणाला वाईट वाटलं असेल असं वाटत नाही.

आशा मात्र सोडू नका. नियमातच सोय आहे: त्या माणसानं पुढंमागं ते थ्रीबी भरलं, तर तुम्हाला क्रेडिट परत घेता येतं. मी दर महिन्याच्या २० तारखेला चहा घेता घेता त्याचा नंबर टाकून बघतो. ‘रद्द’ असं येतं. बेकरीतली खारी मात्र चांगली असते.

एक उपाय खरा सांगतो, हसण्यावारी नेऊ नका. नवीन माणसाकडून माल घेताना मालाचे पैसे द्या आणि कराची रक्कम त्याचं थ्रीबी दिसेपर्यंत थांबवा. १८० दिवसांची मुदत असल्यानं महिनाभर थांबायला कायद्याची हरकत नाही. हरकत पुरवठादाराची असते. मोठा असेल तर फोन ठेवून देतो, लहान असेल तर गावभर सांगतो की यांचं दुकान बुडायला आलंय. तरी मी सुरू केलंय.

परवा माझ्याच एका गिऱ्हाइकाचा फोन आला. सोसायटीच्या गेटचं काम केलेला बिल्डर. मला वाटलं पेमेंटचं बोलतोय.

‘काका, बिल मिळालं. मालाचे पैसे आज टाकतो,’ तो म्हणाला. ‘जीएसटीचे मात्र तुमचं थ्रीबी दिसल्यावर. आमच्या सीएनं सांगितलंय, राग नका मानू.’

कॅलेंडर बघितलं. तारीख २३ होती, आणि माझं थ्रीबी भरायचं राहिलं होतं.