प्रिंटरला जागा आठवते, पण वस्तू प्लेटवर राहत नाही

«थ्रीडी प्रिंटरला यूपीएस कशाला? लाईट गेली तरी प्रिंटर जागा लक्षात ठेवतो, आली की तिथूनच पुढे सुरू करतो. फार तर फ्रिजचा स्टॅबिलायझर लाव, बास.»

लाईट आल्यावर छपाई तिथूनच सुरू करायची सोय म्हणजे रिझ्यूम. त्याच्या फाइलमध्ये काय असतं ते आधी बघा. छपाई कुठल्या उंचीवर होती, नोझल आणि प्लेट किती तापवायची, फाइलची कुठली ओळ चालू होती, एवढंच. वस्तू अजून प्लेटला धरून आहे का, हे तिला कळायला मार्गच नाही. शिवाय प्रिंटर चालवणाऱ्या मार्लिनसारख्या फर्मवेअरमध्ये ही सोय मेमरी कार्डवरून छपाई चालू असेल तरच मिळते. लॅपटॉपवरून केबलने छापत असाल तर तीही नाही.

गेल्या चवथीच्या आधी डिचोलीला घरी मखराच्या कमानीचा एक तुकडा पीएलए या प्लॅस्टिकमध्ये छापायला लावला होता. अकरा तासांचं काम. सातव्या तासाला पावसात लाईट गेली आणि बारा मिनिटांनी आली. स्क्रीनवर विचारणा झाली, मी होकार दिला. दहाएक मिनिटांत नोझल वस्तूच्या एका कोपऱ्यावर आपटलं. प्लेट ६० अंशांवरून निवत गेली, पीएलए आकसलं आणि तो कोपरा प्लेटपासून सुटून जेमतेम मिलिमीटरभर वर आला होता. थराची जाडी ०.२ मिलिमीटर; म्हणजे तो कोपरा पाच थर वर. प्लेट पुन्हा तापली म्हणून सुटलेला कोपरा परत चिकटत नाही.

दुसरं नुकसान आत झालं होतं. वीज गेली तेव्हा २०० अंशांचं नोझल वस्तूला टेकलेलंच होतं. तिथे प्लॅस्टिकचा गोळा साचला. प्लॅस्टिक वितळवणाऱ्या हॉटएंडचा छोटा पंखाही थांबल्यामुळे उष्णता वर चढली. पीएलए साठेक अंशांनाच मऊ पडतं, त्यामुळे फिलामेंट, म्हणजे आत जाणारी प्लॅस्टिकची तार, वरच्या थंड भागात फुगून अडकलं. याची खूण म्हणजे फिलामेंट ढकलणाऱ्या एक्स्ट्रूडरची टक-टक आणि विरळ, तुटक रेघा.

आता स्टॅबिलायझर. तो विजेचा दाब सावरतो, वीज साठवत नाही, त्यामुळे लाईट गेली की तोही गेला. आणि दाब थोडा हलला तर प्रिंटरला त्याची गरजही नसते. आतला पॉवर सप्लाय साधारण १८० ते २६४ व्होल्टपर्यंत बाहेर २४ व्होल्टच देतो. त्यावर ११५/२३० चं बटण असेल तर ते २३० वर आहे ना, एवढं मात्र जोडण्याआधीच बघा. स्टॅबिलायझरचा खरा उपयोग दोन ठिकाणी: दाब सतत १८० च्या खाली जात असेल तर, किंवा वादळात न्यूट्रल तुटला तर. न्यूट्रल तुटला की घरातले काही दिवे भगभगतात, काही मंदावतात, दाब ४०० च्या दिशेने जाऊ शकतो. अशा वेळी दाब फार चढला की वीज तोडणारा, हाय-कट असलेला स्टॅबिलायझर सप्लाय वाचवू शकतो. मात्र कट झाला की छपाई थांबतेच.

छपाई वाचवायची तर बॅटरीच हवी. माझा प्रिंटर प्लेट तापवताना अडीचशे वॅटच्या वर खेचतो, तापल्यावर पीएलएला सरासरी शंभर-एकशेवीस. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचा असतो, म्हणजे भार पेलतो. पण आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. नवी असताना पंधरा-वीस मिनिटं धरा, जुनी झाली की निम्मी. म्हणून लाईट नसताना नवी छपाई सुरू करू नका, थंड प्लेट तापवतानाच यूपीएस बसेल. आणि बॅटरी संपत आली की स्वतः पॉज करा. नोझल वस्तूपासून बाजूला जातं, ते बंद करून पंखा फिरता ठेवता येतो. त्यामुळे निदान अडकणं तरी टळतं.

पण गोव्यातल्या किती घरांत आधीच १५० अँपिअर-तासांचा इन्व्हर्टर आहे! त्यावर शंभर वॅटचा प्रिंटर कित्येक तास चालतो. अडचण एकच, लाईट गेल्यावर इन्व्हर्टर हाती घेईपर्यंतचा क्षण. साध्या मोडमध्ये त्याला ४० मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात, प्रिंटरचा सप्लाय मात्र दहा-वीसच तग धरतो आणि प्रिंटर रीस्टार्ट होतो. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते तिकडे केलं की हा क्षण दहा-पंधरावर येतो.

मोठं काम लावण्याआधी दोन सेंटिमीटरचा ठोकळा छापायला लावा आणि मधेच मेन स्विच पाडा. तीन-चार वेळा पाडा, कारण पहिल्यांदा निभावलं आणि तिसऱ्यांदा स्क्रीन काळी झाली, असं माझ्याकडे साध्या मोडवर झालं आहे.