टॅली येतं का, हे विचारू नका. बँकेचा मेळ घालायला द्या

आपल्या इंदूरमध्ये, सियागंजच्या पेढीपासून छोट्या कारखान्यापर्यंत, अकाउंट्स असिस्टंट घेताना ठरलेले दोनच प्रश्न असतात. टॅली येतं का? आणि आधी कुठे होतात? उत्तर कोण किती सफाईनं देतं, त्यावर निवड होते. हिशेबात पक्की पण चार माणसांसमोर अडखळणारी मुलगी इथेच मागे पडते. मला हा सरळ अन्याय वाटतो, आणि त्यात नुकसान पेढीचंही होतं.

मी पाऊण तासाची लेखी चाचणी घेते. एका कागदावर पेढीच्या बँक बुकाचं पान, दुसऱ्यावर त्याच महिन्याचं बँक स्टेटमेंट. दोन्हींत पंधरा-वीस नोंदी, नावं आणि आकडे सगळे बनवलेले. दोन्हींच्या शिलकीत फरक का पडला ते शोधायचं, म्हणजेच मेळ घालायचा. संगणक नाही, कॅल्क्युलेटर चालतो. टॅलीवर परीक्षा घेतली की बिझी किंवा मार्ग या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम केलेला माणूस उगाच अडतो, आणि बटणं तर आठवड्यात शिकता येतात.

बँक बुकात शिल्लक ८६,४३२ रुपये, बँक म्हणते ९९,८४४. फरक १३,४१२. त्यामागे पाच कारणं पेरलेली आहेत. व्यापाऱ्याला दिलेला १८,५०० चा चेक अजून वटलेला नाही. तीस तारखेला भरलेला १२,००० चा चेक खात्यात जमा झालेला नाही. बँकेनं १०० रुपये चार्ज आणि त्यावर १८ रुपये जीएसटी कापला. ७,३०० रुपये एनईएफटीनं आले, पण तपशिलात पाठवणाऱ्याचं नाव अर्धवट. पाचवं सगळ्यात बारीक: ४,६३० चं पेमेंट बुकात ४,३६० लिहिलं गेलं.

नुसता मेळ बसला म्हणजे झालं असं नाही. पहिल्या दोन चेकांसाठी बुकात काहीच लिहायचं नसतं, ते फक्त मेळपत्रकात दाखवायचे. उरलेल्या तिन्हींची नोंद मात्र बुकात करावीच लागते. त्या केल्या की बुकाची शिल्लक ९३,३४४ होते, आणि बँकेच्या आकड्यातून १८,५०० वजा करून १२,००० मिळवले तरी तेच ९३,३४४ येतात. न वटलेल्या चेकची उलट एंट्री मारणाऱ्याला ‘आपली चूक’ आणि ‘वेळेचा फरक’ यांतला भेद कळलेला नाही. तो पुढे रोज घोळ घालणार.

शेवटी जे २७० रुपये उरतात, तिथे माणूस कळतो. एकानं फार देखणा तक्ता आखला होता, आणि तळाशी लिहिलं: ‘राउंड ऑफ २७०’. एका मुलीचं अक्षर गिचमिड, पण तिनं २७० ला नऊनं भागून पाहिलं होतं. पूर्ण भाग गेला की शेजारचे दोन अंक उलटे पडल्याचा संशय घ्यायचा, ही जुन्या मुनीमांची खूण. तिनं ४,३६० भोवती गोल केला. आणि ७,३०० समोर पेन्सिलीनं लिहिलं, "पार्टी कोण ते विचारावं, तोवर सस्पेन्समध्ये." अंदाजानं एखाद्या गिऱ्हाइकाच्या खात्यात जमा करण्यापेक्षा, कळेपर्यंत रक्कम अशी तात्पुरत्या खात्यात ठेवण्याचं हे उत्तर कितीतरी मोलाचं. ज्याचं येणं चुकून कमी दिसेल त्याच्याकडे वसुली थांबते, आणि ज्यानं खरंच पैसे भरले त्याला आपण पुन्हा तगादा लावतो.

म्हणून गुण आधीच कागदावर ठरवून ठेवते. कारण सापडलं त्याचे गुण वेगळे, त्यावर काय करायचं त्याचे वेगळे. बेरीज चुकली पण वाट बरोबर असेल तर थोडेच गुण जातात. न समजलेली रक्कम दडपून मेळ ‘बसवला’ तर त्या भागाला शून्य. अक्षराला, इंग्रजीला गुण नाहीत. हिंदी, मराठी, इंग्रजी, जे जमेल त्यात लिहा. नावाच्या जागी नंबर टाकते आणि दोघं जण एकमेकांचे गुण न बघता तपासतो. जिथे आमचे गुण फार वेगळे पडतात, तिथे बहुतेक वेळा प्रश्नच मोघम असतो.

पेपर आधी आपल्याच माणसाकडून सोडवून घ्यावा. रोज हे काम करणाऱ्याला वीस मिनिटं लागली तर नवख्याला पाऊण तास पुरतो. त्यालाच चाळीस लागली, तर पेपर छोटा करा. एक गोष्ट मला अजिबात पटत नाही: चाचणीच्या नावाखाली पेढीचं खरं, साचलेलं काम करून घेणं. ती फुकटची मजुरी आहे, आणि गिऱ्हाइकांचे आकडे परक्या माणसापुढे उघडे पडतात ते वेगळंच.

या कागदावरून माणूस वेळेवर येईल का, गल्ल्याला हात लावेल का, हे कळत नाही. त्यासाठी आधीच्या ठिकाणी फोन करून विचारावंच लागतं. जीएसटी रिटर्नचे बारकावेही मी यात घालत नाही, ते शिकवता येतात. आणि ज्यांना घेत नाही, त्यांना तपासलेला पेपर परत देते, २७० कुठे होते ते खुणेनं दाखवून.